अंकांची बेरीज १३ ऐवजी १४.४४ येते: हँडआउटमधील `while` लूप ओळीओळीने, आणि तो अखेर का थांबतो

प्रात्यक्षिकाच्या तासाला दर वर्षी हमखास समोर येणारी एक तक्रार अशी आहे: ‘दिलेल्या संख्येतील अंकांची बेरीज करा’ हा पायथन भाषेतील प्रोग्राम हँडआउटमध्ये आहे तसाच टंकित केला, कोणतीही त्रुटी दिसली नाही, प्रोग्राम चालला आणि संपलाही, पण उत्तर मात्र दशांश चिन्हासह आले. ४७२ ही संख्या दिल्यावर ४ + ७ + २ म्हणजे १३ यायला हवे, त्याऐवजी पडद्यावर `14.4444` ने सुरू होणारी लांबलचक संख्या उमटते. विद्यार्थी प्रत्येक अक्षर पुन्हा पडताळून पाहतो, आणि टंकनात चूक नसल्यामुळे त्याला काहीही सापडत नाही.

हँडआउटमधील कोड साधारणपणे असा असतो:

```python
n = int(input("Number: "))
s = 0
while n > 0:
    d = n % 10
    s = s + d
    n = n / 10
print("Sum =", s)
```

घाईत असलेल्यांसाठी उपाय आधीच सांगतो. सहाव्या ओळीत एका तिरप्या रेघेऐवजी दोन तिरप्या रेघा हव्यात, म्हणजे ती ओळ `n = n // 10` अशी हवी. एवढी दुरुस्ती केली की उत्तर १३ येते. परंतु इथेच थांबले तर एक महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. चुकीच्या भागाकारामुळे `n` कधीही शून्य व्हायला नको होता, मग हा लूप संपला तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर समजले की लूप थांबण्याचे कारण नेमके कसे शोधायचे तेही समजते, म्हणून प्रत्येक ओळ सावकाश पाहू.

पहिल्या ओळीत `input` वापरकर्त्याने टंकित केलेला मजकूर घेते. तो मजकूर अक्षरांचा असतो, संख्या नव्हे. `int` त्या अक्षरांपासून पूर्णांक तयार करते आणि तो `n` या नावाने ठेवला जातो. `n` इथे पूर्णांक आहे ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सारे बिघडते ते याच ठिकाणी. दुसऱ्या ओळीत `s` शून्य केला आहे, कारण बेरीज अजून सुरू झालेली नाही.

तिसरी ओळ लूपची अट आहे. `n` शून्याहून मोठा असेपर्यंत खालच्या तीन ओळी पुन्हा पुन्हा चालतील. ही अट फेरीच्या मध्येच तपासली जात नाही. ती प्रत्येक फेरीच्या आरंभी एकदा तपासली जाते. म्हणून फेरीत `n` शून्य झाला तरी ती फेरी पूर्ण होते आणि मगच लूप संपतो.

चौथ्या ओळीतील `n % 10` म्हणजे दहाने भागल्यावर उरणारी बाकी. ४७२ला दहाने भागले तर बाकी २ उरते, आणि हाच एकक स्थानचा अंक असतो. पाचवी ओळ तो अंक बेरजेत मिळवते. सहाव्या ओळीचा हेतू असा की वापरून झालेला एककाचा अंक काढून टाकावा, म्हणजे दशकाचा अंक सरकून एकक स्थानी येईल. ४७२चे ४७ व्हावे, ४७चे ४ व्हावे आणि ४चे ० व्हावे. तीन अंक, तीन फेऱ्या, आणि चौथ्यांदा अट तपासताना `n` शून्य असल्यामुळे लूप संपतो. हँडआउट लिहिणाऱ्याच्या मनात हेच चित्र होते.

पण पायथन ३मध्ये `/` हे चिन्ह असा भागाकार करत नाही. ४७२ला १०ने भागून ते ४७.२ देते, आणि भागाकार पूर्ण सुटत असला तरीही उत्तर दशांश स्वरूपातच येते. `20 / 10` विचारले तर `2` नव्हे, `2.0` मिळते. पहिल्या फेरीच्या शेवटी `n` पूर्णांक उरत नाही. दुसऱ्या फेरीत `47.2 % 10` काढले की ७ऐवजी `7.200000000000003` मिळते. शेवटचा तो ३ का आला, हा प्रश्न वर्गात नेहमी विचारला जातो. संगणक ४७.२ ही संख्या द्विमान पद्धतीत साठवतो, आणि त्या पद्धतीत ४७.२ नेमकी मावत नाही. तिच्या अगदी शेजारची, किंचित मोठी संख्या साठवली जाते. चाळीस वजा झाल्यावर तो किंचितपणा उघडा पडतो. मात्र मूळ दोष तो नाही. मूळ दोष असा की अपूर्णांकाचा भाग कापला गेला नाही.

तिसऱ्या फेरीत `n` सुमारे ४.७२ असतो, आणि त्याची दहाने बाकी काढली की तोच आकडा परत मिळतो, कारण तो दहाहून लहान आहे. चौथ्या फेरीत ०.४७२, पाचव्या फेरीत ०.०४७२, आणि असेच पुढे. प्रत्येक फेरीत `n` पूर्वीच्या एक दशांश होतो आणि तेवढाच `s`मध्ये मिळवला जातो. म्हणजे बेरीज अशी होते: २ + ७.२ + ४.७२ + ०.४७२ + ०.०४७२ + … यातील ४.७२पासून पुढची पदे भूमिती श्रेणी आहेत. त्यांची बेरीज ४.७२ भागिले ०.९, म्हणजे ५.२४४४…. त्यात ९.२ मिळवले की १४.४४४४… येते. पडद्यावर दिसलेला आकडा हाच. तो संगणकाने ‘कुठून तरी’ आणलेला नाही. सांगितलेली कृती त्याने अचूक केली, आणि आपण ती कागदावर पडताळून पाहू शकतो. विद्यार्थ्यांनी ही पडताळणी एकदा स्वतः करावी असा माझा आग्रह असतो, कारण चुकीच्या उत्तराचाही हिशेब लागतो हे कळले की त्या उत्तराची भीती वाटेनाशी होते.

आता हा दोष हँडआउटमध्ये आला कुठून? बहुतेक वेळा हा कोड पायथन २च्या काळात लिहिलेला असतो किंवा सी भाषेतून ओळीओळीने उतरवलेला असतो. सीमध्ये दोन पूर्णांकांचा `/` भागाकार अपूर्णांक टाकून देतो. पायथन २मध्येही दोन पूर्णांकांमध्ये `/` वापरले की पूर्णांकच मिळे. `//` हे चिन्ह पायथन २.२मध्ये, म्हणजे २००१ साली आले. डिसेंबर २००८मध्ये पायथन ३.० आले तेव्हा `/`चा अर्थ कायमचा बदलला. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ची देखभाल थांबल्यावर जुनी हँडआउट नव्या आवृत्तीसाठी सुधारली गेली. जुन्या `print s`ला कंस नसल्यामुळे नवी आवृत्ती ती ओळ स्वीकारतच नव्हती, तेव्हा ती सुधारावीच लागली. `raw_input` हे नाव नव्या आवृत्तीत उरलेच नव्हते, तेव्हा तेही बदलावे लागले. सहावी ओळ मात्र दोन्ही आवृत्त्यांत व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. ती त्रुटी देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. जुन्या हँडआउटमधील दुरुस्त्या तपासताना, ज्या ओळींनी कधीच तक्रार केली नाही त्यांच्याकडे अधिक संशयाने पाहावे, हे मी यातून शिकलो.

मग हा लूप थांबतो कसा?

गणिताच्या दृष्टीने पाहिले तर थांबायला नको. धन संख्येला दहाने कितीही वेळा भागले तरी भागाकार धनच राहतो. तो शून्याच्या जवळ जाईल, पण शून्य होणार नाही. `n > 0` ही अट कायम खरी राहायला हवी. तरीही प्रोग्राम संपतो, आणि इतक्या लवकर संपतो की काही विचित्र घडले आहे अशी शंकाही येत नाही. म्हणून प्रत्येक फेरी मोजण्यासाठी कोडमध्ये दोन गोष्टी घालून पाहू:

```python
n = 472
k = 0
while n > 0:
    n = n / 10
    k = k + 1
    print(k, n)
```

खरे तर तीन फेऱ्या व्हायला हव्यात. पडद्यावर ३२७ ओळी उमटतात. पहिल्या काही ओळींत `47.2`, मग `4.720000000000001` असे आकडे दिसतात. शेवटच्या पाच ओळी अशा असतात:

```text
323 4.72e-321
324 4.74e-322
325 5e-323
326 5e-324
327 0.0
```

इथे `e-321` याचा अर्थ ‘गुणिले दहाचा उणे ३२१वा घात’ असा वाचावा. या पाच ओळींतच साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू.

पायथन दशांश संख्या ६४ बिटांत साठवतो: एक बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट संख्येच्या अंकांसाठी. जागा मर्यादित आहे, म्हणून सर्वांत लहान धन संख्येलाही मर्यादा आहे. ती संख्या म्हणजे दोनचा उणे १०७४वा घात, सुमारे ४.९४ गुणिले दहाचा उणे ३२४वा घात. पडद्यावर ती `5e-324` अशी दिसते. समजण्याच्या सोयीसाठी तिला आपण ‘दाणा’ म्हणू. शून्य आणि एक दाणा यांच्या मध्ये साठवता येण्याजोगी कोणतीही संख्या नाही. अर्धा दाणा नाही, पाव दाणा नाही. इतक्या खालच्या पातळीवर प्रत्येक संख्या ही दाण्यांची पूर्ण संख्याच असते, आणि भागाकाराचे उत्तर अधेमधे आले तर ते जवळच्या पूर्ण दाण्यावर नेले जाते. बरोबर मध्यावर आले तर सम संख्येच्या दाण्यावर.

आता शेवटच्या पाच ओळी दाण्यांत मोजू. ३२३व्या फेरीनंतर `n`मध्ये ९५५ दाणे आहेत. त्यांना दहाने भागले की ९५.५ येतात, हा बरोबर मध्य आहे, म्हणून जवळची सम संख्या ९६ घेतली जाते. ४.७२च्या जागी अचानक ४.७४ का दिसले याचे कारण हेच. ९६ भागिले दहा म्हणजे ९.६, ते १० होतात. १० भागिले दहा म्हणजे नेमका १ दाणा. पडद्यावरचे `5e-324` ते हेच. एका दाण्याला दहाने भागले की ०.१ दाणा येतो, आणि त्याच्या सर्वांत जवळची साठवण्याजोगी संख्या शून्य आहे. `n` शून्य होतो, पुढची तपासणी ‘शून्य शून्याहून मोठे आहे का’ अशी होते, तिचे उत्तर नाही असे येते आणि लूप संपतो.

म्हणजे चुकीचा लूपदेखील अखेर पूर्ण संख्यांमुळेच थांबला. फरक इतकाच की त्या पूर्ण संख्या आपल्या मनातल्या नव्हत्या, त्या यंत्राच्या साठवणीतल्या दाण्यांच्या होत्या. ४७२च्या अंकांशी त्यांचा काहीही संबंध नाही. दुसरी तीन अंकी संख्या घेतली तर ३२६ किंवा ३२७ फेऱ्या होतील. अंक मोजण्याच्या प्रोग्रामात हीच चूक राहिली तर तीन अंकी संख्येत तीनशेहून अधिक अंक आहेत असे उत्तर येते, आणि ते पाहताक्षणीच कारण ओळखता येते. संख्या उलटी करण्याच्या प्रोग्रामात, म्हणजे `s = s * 10 + d` असे लिहिलेल्या कोडमध्ये, लक्षण वेगळे दिसते: तिथे `s` प्रत्येक फेरीत दहापट होत जातो, साठवणीची वरची मर्यादा ओलांडतो आणि पडद्यावर `inf` असे येते. उलटसुलट सारखी असलेली संख्या ओळखण्याचा प्रोग्राम मग प्रत्येक धन संख्येला ‘नाही’ म्हणतो. तीन वेगळ्या तक्रारी दिसल्या तरी दोष त्याच एका ओळीत असतो.

थांबण्याचे खरे कारण कसे मांडावे

अनेक उत्तरपत्रिकांत असे लिहिलेले असते: ‘प्रत्येक फेरीत `n` लहान होत जातो, म्हणून लूप थांबतो.’ हे वाक्य अपुरे आहे. वरच्या चुकीच्या लूपमध्येही `n` लहान होत जातो. कागदावरच्या गणितात तो कायम लहान होत राहील आणि कधीच थांबणार नाही. पायथनमध्ये हे प्रत्यक्षही पाहता येते. `fractions` या मोड्यूलमधील `Fraction` हा प्रकार अपूर्णांक अंश आणि छेद म्हणून नेमके साठवतो, काहीही कापत नाही. `n = Fraction(472)` घेऊन तोच लूप, त्यातली `print` ओळ काढून, चालवला तर छेद वाढतच जातो आणि प्रोग्राम आपणहून थांबत नाही. तो बंद करण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्या लागतात.

याच्या उलट उदाहरण आणखी बोलके आहे. भाजक १०ऐवजी १.५ घ्या. कागदावर `n` प्रत्येक फेरीत लहान होतो. यंत्रात मात्र `n` एका दाण्यापर्यंत पोचला की एक भागिले दीड म्हणजे ०.६७ दाणा, आणि त्याच्या जवळची पूर्ण संख्या एकच आहे. `n` पुन्हा एक दाणाच राहतो, लूप तिथेच कायमचा अडकतो. दशांश संख्यांवर आधारलेल्या लूपची हमी देणे किती नाजूक असते ते यावरून दिसते.

म्हणून पुरेसे विधान असे हवे. दुरुस्त कोडमध्ये `n` आरंभी पूर्णांक आहे. `//` पूर्णांकाला पूर्णांकाने भागून पूर्णांकच देते, म्हणून तो प्रत्येक फेरीनंतरही पूर्णांकच राहतो. `n` एक किंवा त्याहून मोठा असेल तर `n // 10` हा `n`हून निश्चितपणे लहान असतो, आणि तो शून्याखाली जात नाही. शून्याखाली न जाणारा पूर्णांक प्रत्येक पावलाला किमान एकाने उतरत असेल, तर आरंभीच्या संख्येइतक्या पावलांच्या आत त्याला शून्यावर यावेच लागते. यात तीन गोष्टी लागतात: संख्या पूर्णांक असणे, ती प्रत्येक फेरीत खरोखर उतरणे, आणि तिला खाली तळ असणे. या तीनपैकी एकही सुटली की हमी जाते. आपल्या लूपमध्ये पावले प्रत्यक्षात खूपच कमी लागतात, कारण प्रत्येक फेरीत नेमका एक अंक गळतो; जितके अंक तितक्या फेऱ्या.

दुरुस्ती करतानाच्या चुका

`//` माहीत नसलेले विद्यार्थी अनेकदा `n = int(n / 10)` असे लिहितात. ४७२साठी उत्तर बरोबर येते, म्हणून ही दुरुस्ती टिकून राहते. पण इथे आधी दशांश भागाकार होतो आणि मग अपूर्णांक कापला जातो; मधल्या दशांश संख्येत सुमारे १५ ते १६ अंकच विश्वासाने मावतात. सतरा वेळा ९ लिहून, म्हणजे `99999999999999999` देऊन पाहा. खरी बेरीज १७ गुणिले ९, म्हणजे १५३. प्रोग्राम मात्र १० सांगतो. पहिल्या फेरीत ९ मिळतो हे बरोबर. त्यानंतर दहाने भागल्यावर ९९९९९९९९९९९९९९९९.९ ही संख्या साठवता येत नाही, ती जवळच्या १००००००००००००००००वर नेली जाते, आणि उरलेले सोळा नऊ एका क्षणात एक आणि सोळा शून्ये होतात. नऊ अधिक एक, दहा. आधार क्रमांक बारा अंकी आणि मोबाइल क्रमांक दहा अंकी असल्यामुळे त्यांवर ही चूक दिसणार नाही; ती दिसते सोळा अंकी कार्ड क्रमांकाच्या पुढे गेल्यावर. म्हणून चाचणी लहान संख्यांवर थांबवू नये.

दुसरी चूक ऋण संख्यांची. मूळ अट `n > 0` असल्यामुळे –४७२ दिल्यावर लूप एकदाही चालत नाही आणि बेरीज ० येते. ते टाळण्यासाठी काही जण अट बदलून `n != 0` करतात. सीमध्ये असा लूप निदान थांबतो, कारण तिथे पूर्णांक भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो: –४७२, –४७, –४, ०. पायथनमधील `//` मात्र नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जाते: –४७२चे –४८ होतात, –४८चे –५, –५चे –१, आणि –१ला दहाने भागून खालचा पूर्णांक घेतला की पुन्हा –१च येतो. इथून पुढे `n` हलत नाही, आणि `-1 % 10` पायथनमध्ये ९ येत असल्यामुळे `s` प्रत्येक फेरीत नऊने वाढत राहतो. हा खरोखरच न थांबणारा लूप आहे, आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी कोणती सुटली ते इथे नेमके दाखवता येते: संख्या पूर्णांक आहे, पण –१ला पोचल्यावर ती बदलत नाही. यावर उपाय म्हणजे लूपच्या आधीच `n = abs(n)` करून चिन्ह काढून टाकणे आणि अट `n > 0` तशीच ठेवणे.

`n >= 0` अशी अट लिहिली तरी लूप अडकतो, कारण शून्याला दहाने भागून शून्यच मिळते. आणि सहाव्या ओळीचे इंडेंटेशन चुकून ती लूपच्या बाहेर गेली तर `n` बदलतच नाही; पडदा स्तब्ध दिसतो. पडदा स्तब्ध असेल तर आधी इंडेंटेशन पाहावे, दशांश उत्तर आले तर आधी `/` पाहावे, इतका भेद सुरुवातीच्या तपासणीला पुरतो. शंका राहिलीच तर `n` बदलणाऱ्या ओळीनंतर `print(n)` घालून पहिल्या पाच फेऱ्या वाचाव्यात. पहिल्या फेरीतच दशांश चिन्ह दिसले तर दोष सापडला.

दुरुस्त केलेला कोड मी आता असा देतो:

```python
n = abs(int(input("Number: ")))
s = 0
while n > 0:
    n, d = divmod(n, 10)
    s = s + d
print("Sum =", s)
```

`divmod` पूर्णांक भागाकार आणि बाकी एकाच वेळी देते, त्यामुळे `/` आणि `//` यांत गफलत व्हायला जागाच उरत नाही. मात्र चौथ्या ओळीत डावीकडच्या नावांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी भागाकार, मग बाकी. तो क्रम उलटा झाला तर `n`मध्ये बाकी जाते. ४७२साठी `n` पहिल्याच फेरीत २ होतो आणि `s` ४७. दुसऱ्या फेरीत २ची बाकी पुन्हा २च येते, `n` तिथेच राहतो आणि प्रोग्राम न संपता फिरत राहतो. याच कोडने अंक मोजायचे असतील तर शून्य ही संख्या वेगळी हाताळावी लागेल: तिच्यासाठी लूप एकदाही चालत नाही, त्यामुळे मोजणी ० येते, पण शून्यात एक अंक आहे. बेरजेसाठी मात्र ० हे उत्तर बरोबरच आहे.